जात वैधता प्रलंबित असताना घेतलेला अभियांत्रिकी प्रवेश : एका विद्यार्थ्याचे प्रकरण

हे प्रकरण २०२० ते २०२४ या काळातील एका प्रवेशवर्षातले आहे. विद्यार्थ्याची ओळख पटू नये म्हणून त्याचे नाव, मूळ गाव, महाविद्यालये आणि नेमके वर्ष दिलेले नाही. येथे त्याला सुमित म्हटले आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या प्रवेशांसाठी कागदपत्र पडताळणी केंद्र चालते. सुमितचा अर्ज आमच्याच केंद्रात तपासला गेला, त्यामुळे त्याचा पुढचा सगळा प्रवास आम्हाला जवळून पाहता आला. प्रवेशाचे वेळापत्रक आणि मुदतींचे नियम दरवर्षी नव्या सूचनेने ठरतात. म्हणून खालील मुदती त्या एका वर्षापुरत्याच समजाव्यात.

पार्श्वभूमी

सुमितचे कुटुंब तेली समाजाचे, म्हणजे राज्याच्या यादीप्रमाणे इतर मागासवर्गातील आहे. आजोबा मराठवाड्यातील एका खेड्यात राहत. वडील नव्वदच्या दशकात पुण्यात आले आणि त्यांनी उपनगरात किराणा दुकान सुरू केले. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे. दुकान आणि शेती मिळून कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेच्या बरेच खाली होते, त्यामुळे उन्नत गटाचा प्रश्न प्रत्यक्षात कधीच नव्हता. उत्पन्नाच्या कागदावरून जी अडचण आली ती केवळ तारखेची होती.

जातीचा दाखला सुमित दहावीत असतानाच काढलेला होता आणि तो बरोबर ठिकाणाहून काढलेला होता. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक धरला जातो. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी कुटुंब जेथे राहत होते, तेथील सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे सहसा उपविभागीय अधिकाऱ्याकडून, हा दाखला घ्यावा लागतो. (विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी हा दिनांक २१ नोव्हेंबर १९६१, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आहे.) वडिलांनी पुण्यातून दाखला काढण्याचा प्रयत्न न करता गावाकडच्या उपविभागातून तो मिळवला होता, हे चांगले झाले. मात्र त्याचा एक परिणाम त्यांच्या लक्षात आला नाही. दाखला ज्या जिल्ह्यातील, त्याच जिल्ह्याच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज जातो. म्हणजे अर्ज, त्रुटी, सुनावणी या सगळ्यांसाठी गावाकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे भाग होते.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांतला फरक कायद्यात स्पष्ट आहे. जात प्रमाणपत्रे देण्याबाबत व त्यांच्या पडताळणीबाबत राज्याचा जो अधिनियम आहे (२००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३), त्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याचा दाखला समितीच्या पडताळणीच्या अधीन राहूनच ग्राह्य असतो आणि आपला दावा खरा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. पडताळणी समित्यांची ही रचना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातील निर्देशांवर उभी आहे. त्या निकालाचे मूळच बनावट दाखल्यावर मिळवलेल्या वैद्यकीय प्रवेशात होते. प्रवेशाच्या वेळी वैधतेचा इतका आग्रह का धरला जातो, याचे उत्तर तेथे सापडते.

बारावी विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारशीसह वैधतेचा अर्ज करावा, अशी अपेक्षा असते. सुमितच्या महाविद्यालयाने तशी सूचना फलकावर लावली होती. वडिलांची समजूत मात्र अशी होती की प्रवेश निश्चित झाल्यावरच हा कागद लागतो. त्यामुळे अर्ज बारावीनंतर, प्रवेश परीक्षा झाल्यावर, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भरला गेला.

पडताळणी केंद्रात काय तपासले गेले

सुमितने नोंदणी करताना इतर मागासवर्ग हा प्रवर्ग निवडला आणि कागदपत्रे अपलोड केली. आमच्या केंद्रात जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर आणि वैधता हे तीन कागद स्वतंत्रपणे पाहिले जातात. एक कागद बरोबर आहे म्हणून दुसऱ्याकडे काणाडोळा होत नाही.

जातीच्या दाखल्यावर नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, जातीचे नाव राज्याच्या यादीप्रमाणे लिहिले आहे का, दाखला महाराष्ट्रातील सक्षम प्राधिकाऱ्याचा आहे का आणि त्यावरील क्रमांक ऑनलाइन पडताळता येतो का, एवढे पाहिले जाते. सुमितचा दाखला या सगळ्यांत उतरला.

नॉन-क्रिमी लेयरच्या, म्हणजे उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्रावर मात्र अर्ज अडला. सुमितने दोन प्रमाणपत्रे जोडली होती. एक राज्याच्या नमुन्यातील होते, पण त्याची वैधता त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपली होती. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षासाठी आहे, त्या वर्षातील ३१ मार्चपर्यंत हे प्रमाणपत्र वैध असावे लागते. जुलैमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलाचे प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरपर्यंत चालणारे हवे. दुसरे प्रमाणपत्र नवे होते, पण ते केंद्र सरकारच्या नमुन्यातील होते आणि जेईईसाठी काढले होते. कुटुंबाला वाटले की नवे आहे म्हणजे तेच धरले जाईल. केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांसाठी असते, राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत ते चालत नाही. दोन्ही कागद खरे होते, आणि तरीही दोन्ही निरुपयोगी होते. दरवर्षी आमच्याकडे परत पाठवल्या जाणाऱ्या अर्जांत ही जोडी वारंवार दिसते.

वैधतेच्या जागी सुमितने समितीकडे अर्ज केल्याची पोच जोडली होती. त्या वर्षीच्या सूचनेप्रमाणे वैधता आणि नॉन-क्रिमी लेयर या दोन्हींसाठी अर्जाची पोच तात्पुरती ग्राह्य होती, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत सादर करण्याच्या अटीवर. मुदत टळली तर उमेदवार खुल्या प्रवर्गात वर्ग केला जाईल आणि राखीव जागेवर झालेले वाटप रद्द होईल, असे सूचनेत लिहिलेले होते.

पोच पाहणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जाची सद्यःस्थिती काय आहे, असे विचारले. वडिलांनी उत्तर दिले, "अजून काही कळवलेलं नाही, साहेब." अधिकाऱ्याने तेथेच पोचेवरील क्रमांक टाकून स्थिती पाहिली. समितीने १० जूनलाच त्रुटी काढलेली होती, आणि तो दिवस होता ४ जुलै.

अडचण

त्रुटीची सूचना कोणालाच मिळाली नव्हती असे नाही. ती भलत्याच माणसाला मिळाली होती. अर्ज ज्या ई-सेवा केंद्रातून भरला, तेथील चालकाने घाईत स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकला होता. समितीचा संदेश त्याच्या फोनवर गेला आणि इतर शेकडो संदेशांत हरवला. वडील दुकानात बसून समितीच्या पत्राची वाट पाहत होते.

त्रुटी तीन होत्या आणि त्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत, कारण जुन्या हैदराबाद संस्थानातून आलेल्या कुटुंबांच्या अर्जांत त्या पुन्हा पुन्हा येतात. सुमितचा मुख्य पुरावा म्हणजे आजोबांचा प्राथमिक शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. तो निजामाच्या काळातील होता, उर्दूत लिहिलेला होता आणि त्यावर सन १३५६ फसली असे वर्ष होते. समितीने पहिल्या त्रुटीत या उताऱ्याचे प्रमाणित मराठी भाषांतर मागितले. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ही नोंद १९४६ च्या सुमाराची, मानीव दिनांकाच्या वीसएक वर्षे आधीची ठरत होती. जातीच्या रकान्यात तेली असे स्पष्ट होते. पुरावा म्हणून यापेक्षा चांगला कागद क्वचितच मिळतो.

दुसरी त्रुटी याच उताऱ्याची दुसरी बाजू होती. त्या नोंदीत मुलाचे नाव आणि त्याच्या वडिलांचे नाव होते, आडनाव नव्हते. त्या काळच्या शाळांत ते सर्रास लिहीत नसत. मग उताऱ्यातील हा मुलगा म्हणजे सुमितचेच आजोबा, हे कशावरून? समितीला नातेसंबंध सिद्ध करणारा कागद हवा होता. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आडनावासह होता, त्यावर जातही होती, पण तो मानीव दिनांकानंतरचा होता आणि त्याने आजोबांच्या नोंदीशी दुवा जुळत नव्हता.

तिसरी त्रुटी वंशावळीच्या शपथपत्राची होती. पितृकुळातील रक्तनात्यात कोणाला वैधता मिळालेली आहे काय, या रकान्यात "नाही" असे लिहिले होते. प्रत्यक्षात वडिलांच्या चुलत भावाला त्याच समितीकडून काही वर्षांपूर्वी वैधता मिळालेली होती. दोन घरांत जमिनीच्या वाटणीवरून बोलणे बंद होते, म्हणून वडिलांनी तो उल्लेख टाळला होता. आता समितीने आपल्याच नोंदींवरून त्याच आडनावाचे आणि त्याच गावाचे हे प्रमाणपत्र निदर्शनास आणून खुलासा मागितला.

विचारात घेतलेले पर्याय

४ जुलैच्या संध्याकाळी कुटुंबापुढे पाच वाटा होत्या. आमच्या केंद्राचे काम कागद तपासण्याचे, निर्णय विद्यार्थ्याचा. पण प्रत्येक वाटेने पुढे काय होते, एवढे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

पहिली वाट म्हणजे प्रवर्गाचा दावाच सोडून खुल्या प्रवर्गातून नोंदणी करणे. यात मुदतीची धास्ती उरत नाही, पण राखीव जागेची संधी पहिल्याच दिवशी संपते. शिवाय पालकांत एक गैरसमज खोल रुजलेला आहे की राखीव प्रवर्ग निवडला की खुल्या जागेचा हक्क जातो. तसे नाही. राखीव प्रवर्गातील उमेदवाराचा गुणवत्तेनुसार खुल्या जागेसाठीही विचार होतो. म्हणून दावा आधीच सोडण्यात फायदा काहीच नव्हता.

दुसरी वाट ई-सेवा केंद्राच्या चालकाने सुचवली होती : वैधता लागत नाही, म्हणून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करावा. ही वाट मुळातच बंद आहे. ते दहा टक्के आरक्षण इतर कोणत्याही आरक्षणात न मोडणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. तेली जात राज्याच्या यादीत आहे, तेव्हा वैधता हाती असो वा नसो, सुमित त्या घटकात बसत नाही. तसे प्रमाणपत्र मिळवून प्रवेश घेतला असता तर तो पुढे केव्हाही रद्द होऊ शकला असता, आणि स्वतःचाच जातीचा दाखला त्याच्याविरुद्ध पुरावा ठरला असता.

तिसरी वाट अशी की पोचेच्या आधारे इतर मागासवर्गातून अर्ज करावा, त्रुटी पूर्ण कराव्यात आणि वैधता मुदतीत येईल या भरवशावर राहावे. चौथी वाट तीच, पण दावा फेटाळला गेला नाही तरी मुदत चुकू शकते हे गृहीत धरून खुल्या प्रवर्गातील जागांची तयारी आधीच करून ठेवावी. पाचवी म्हणजे समितीने ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे रिट याचिका करणे. अशा याचिकांत न्यायालय अनेकदा समितीला कालबद्ध निर्णयाचे निर्देश देते. मात्र त्रुटी अर्जदाराकडेच पडून असताना "समिती विलंब करते आहे" असे न्यायालयात म्हणता येणार नव्हते. वकिलांनीही हेच सांगितले : आधी त्रुटी पूर्ण करा, त्यानंतरही हालचाल झाली नाही तर या.

चौथी वाट ठरली. ती ठरवताना एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता आणि तो सहसा कोणी विचारत नाही : मूळ प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या कोणत्या फेरीच्या आधी संपते? मुदत सगळ्या फेऱ्या झाल्यावर संपत असेल आणि तोवर वैधता आली नाही, तर राखीव जागा जाते आणि हाती फक्त शिल्लक जागा उरतात. मुदत फेऱ्यांच्या मध्ये संपत असेल, तर खुल्या प्रवर्गात वर्ग होऊनही पुढच्या फेरीत भाग घेता येतो. म्हणजे लवकर संपणारी मुदत वरवर कठोर दिसली, तरी अशा विद्यार्थ्याच्या पदरात काही तरी टाकून जाते. त्या वर्षी तीन फेऱ्या होत्या आणि मुदत दुसऱ्या फेरीच्या आधीची होती.

केलेली कार्यवाही

नॉन-क्रिमी लेयरचा अर्ज दुसऱ्याच दिवशी केला गेला. मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आणि दुकानाची विवरणपत्रे घरात होती, त्यामुळे पोच मिळून ती लगेच अर्जाला जोडता आली. हे प्रमाणपत्र जुलै संपण्यापूर्वी हातात आले आणि तो विषय संपला. दरम्यान केंद्राने अर्ज निश्चित केला आणि गुणवत्ता यादीत सुमितचे नाव इतर मागासवर्गाच्या उल्लेखासह आले.

गावाकडचे काम जास्त नाजूक होते. आडनावाचा दुवा कोणत्या कागदाने जुळेल, याचा विचार करताना फेरफाराची आठवण वडिलांच्या एका मित्राने करून दिली. तो तलाठी म्हणून निवृत्त झाला होता. पणजोबा १९६२ साली वारले तेव्हा वारसांची नोंद झाली असणार, आणि महसुली कागदांत आडनाव असतेच, असे त्याचे म्हणणे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तो फेरफार सापडला. त्यात पणजोबांचे संपूर्ण नाव, वारस म्हणून आजोबा आणि त्यांचे भाऊ यांची नावे आडनावासह होती. पुढच्या एका फेरफारात आजोबांचे वारस म्हणून सुमितच्या वडिलांचे नाव होते. फेरफारात जात लिहिलेली नसते, त्यामुळे एकटा तो जातीचा पुरावा नाही. पण शाळेच्या उताऱ्यात जात होती आणि आडनाव नव्हते, फेरफारात आडनाव होते आणि जात नव्हती. बापलेकांची नावे दोन्हीकडे तीच होती. दोन कागद शेजारी ठेवल्यावर दावा पूर्ण झाला.

वंशावळीतील त्या रकान्यासाठी वडिलांना चुलत भावाच्या दारात जावे लागले. तो प्रसंग सोपा नव्हता, पण चुलत काकांनी एकाच बैठकीत आपल्या वैधतेची प्रत आणि नात्याचे शपथपत्र दिले. "जमिनीचं आपलं आपण बघू, पोराचं वर्ष नको जायला," असे ते म्हणाल्याचे वडिलांनी नंतर सांगितले. या कागदाचे वजन मोठे होते. पितृकुळातील जवळच्या रक्तनातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल आणि तीत फसवणूक किंवा अधिकारक्षेत्राचा दोष दिसत नसेल, तर अर्जदाराला ती नाकारू नये, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात घेतली आणि समित्यांपुढे ती आजही मांडली जाते. याच मुद्द्यावर वडिलांनी दुरुस्त शपथपत्र दिले आणि पहिल्या शपथपत्रात उल्लेख का राहिला, याचा खरा खुलासा लिहून जोडला. खोटे कारण लिहिले असते तर समितीला संशय घेण्यास जागा मिळाली असती. खरे कारण लाजिरवाणे होते, पण निरुपद्रवी होते.

उर्दू उताऱ्याच्या भाषांतरात मात्र वेळ गेला. प्रमाणित भाषांतर करणारी माणसे जिल्ह्यात मोजकी, आणि प्रवेशाच्या हंगामात त्यांच्याकडे रांग असते. सगळी त्रुटीपूर्तता समितीच्या कार्यालयात दाखल झाली तेव्हा जुलै संपत आला होता.

पहिल्या फेरीत सुमितला इतर मागासवर्गाच्या जागेवर तिसऱ्या पसंतीचे महाविद्यालय आणि संगणक अभियांत्रिकी ही शाखा मिळाली. पहिलीच पसंती मिळाली असती तर जागा आपोआप गोठली असती. तिसरी असल्याने त्याने जागा स्वीकारून पुढील फेरीत सुधारणेचा पर्याय खुला ठेवला. त्याच आठवड्यात आम्ही त्याला मागील वर्षांचे खुल्या प्रवर्गाचे कटऑफ समोर ठेवून आपल्या राज्य गुणवत्ता क्रमांकाला कोणत्या शाखा आणि महाविद्यालये मिळू शकतात, याची वेगळी यादी करायला सांगितले. ती यादी करताना मुलगा नाराज होता, हे स्पष्ट दिसत होते. संगणक शाखा त्या यादीत नव्हतीच.

निष्पत्ती

मुदत जवळ आली तेव्हा राज्यभरातील अनेक विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे समित्यांकडे अडकलेली होती, आणि मुदत तिसऱ्या फेरीच्या आधीपर्यंत वाढवली गेली. सुमितच्या प्रकरणात समितीने त्या वाढीव काळात वडिलांना सुनावणीस बोलावले आणि मूळ कागद पाहिले. कागदांनी समाधान झाल्यामुळे दक्षता पथकामार्फत गृहचौकशी करण्याची वेळ आली नाही. दक्षता चौकशी झाली असती तर पोलीस अधिकाऱ्यांची गावभेट, अहवाल, त्यावर अर्जदाराचे म्हणणे आणि पुन्हा सुनावणी असा क्रम असतो, आणि तो प्रवेशाच्या वेळापत्रकात बसणे जवळजवळ अशक्य आहे.

तरीही प्रमाणपत्र मुदतीत निघाले नाही. निर्णय झाला होता, पण समितीच्या तिन्ही सदस्यांच्या स्वाक्षऱ्यांसाठी प्रकरण थांबले आणि वाढीव मुदत टळली. सुमितचा प्रवर्ग खुला झाला आणि पहिल्या फेरीत मिळालेली, दुसऱ्या फेरीत कायम राहिलेली जागा रद्द झाली. तिसऱ्या फेरीसाठी पसंतीक्रम भरण्याचे दिवस थोडेच असतात, पण यादी तयार होती, त्यामुळे घरात गोंधळ माजला नाही. त्याला दुसऱ्या एका महाविद्यालयात खुल्या जागेवर अणुविद्युत व दूरसंचार शाखेत प्रवेश मिळाला.

वैधता प्रमाणपत्र त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आले. वडिलांनी ते घेऊन जुन्या जागेबद्दल विचारणा केली. ती जागा तिसऱ्या फेरीत पुढच्या उमेदवाराला दिली गेली होती आणि ती परत मिळण्याची तरतूद नव्हती. वकिलांचे मत असे पडले की समितीचा विलंब दाखवता येईल, पण आधीचे २४ दिवस अर्जदाराचे आहेत हे समोरची बाजू पहिल्याच तारखेला दाखवील, आणि त्या जागेवर आता दुसरा विद्यार्थी शिकतो आहे. कुटुंबाने याचिका केली नाही. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. पण तो घेणे वडिलांना फार जड गेले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा फरक अकरावीत अर्ज केल्याने पडला असता, हे उघड आहे. परंतु तेवढेच म्हणून थांबणे अन्यायाचे होईल, कारण मे महिन्यात केलेला अर्जही वेळेत निकाली निघू शकला असता. जूनमधले ते २४ दिवस वाचले असते, तर सुनावणी पहिल्या मुदतीच्या आधीच झाली असती, असे पुढचा क्रम पाहता म्हणता येते. अर्जात स्वतःचा, रोज हाताळला जाणारा मोबाइल क्रमांक आहे की नाही हे पोच हातात घेतानाच पाहावे आणि संदेशाची वाट न बघता आठवड्यातून एकदा अर्ज क्रमांक टाकून स्थिती तपासावी. सुमितची जागा एवढ्याशा गोष्टीवर गेली.

वंशावळीतील "नाही" हा दुसरा निर्णयबिंदू. वैधताधारक नातेवाईक सांगितला नाही, तर अर्जदार स्वतःचा सर्वांत बळकट पुरावा स्वतःच्या हाताने बाजूला ठेवतो आणि वर लपवल्याचा ठपका ओढवून घेतो. भावकीत वाद असले तरी नात्याचा उल्लेख करायला त्या माणसाची परवानगी लागत नाही. त्याने प्रत दिली नाही, तरी प्रमाणपत्राचा उल्लेख करून समितीला आपल्या नोंदीतून ते तपासण्याची विनंती करता येते. पहिल्या अर्जातच हे झाले असते तर तिसरी त्रुटी निघालीच नसती.

उर्दू किंवा मोडी कागद असलेल्या कुटुंबांनी भाषांतर अर्ज भरण्यापूर्वी करून घ्यावे, कारण ते मागितले जाणारच असते. आडनाव नसलेला उतारा हाती असेल तर समितीने विचारण्याची वाट न पाहता वारस फेरफार सोबतच जोडावा. आमच्या केंद्रात अशा कुटुंबांना आम्ही आता पहिल्या भेटीतच तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे पाठवतो.

केंद्राच्या बाजूनेही एक बदल झाला. पूर्वी पोच खरी आहे की नाही एवढेच पाहून अर्ज पुढे जाई. सुमितच्या वेळी अधिकाऱ्याने स्थिती पाहिली ती स्वतःच्या सवयीने. आता पोच जोडणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची समितीकडील स्थिती त्याच्यासमोर उघडून दाखवली जाते आणि त्रुटी असल्यास तिची छापील प्रत हाती दिली जाते. याला प्रत्येकी काही मिनिटे जास्त लागतात आणि गर्दीच्या दिवसांत त्यावरून पालकांची कुरकुरही होते.

एक प्रश्न मात्र विद्यार्थी किंवा केंद्र यांच्या हातात नाही. समितीचा निर्णय झालेला आहे, फक्त प्रमाणपत्र छापून स्वाक्षरी व्हायची आहे, अशा विद्यार्थ्याला आणि ज्याच्या अर्जावर काहीच झालेले नाही अशा विद्यार्थ्याला मुदतीचा नियम एकाच मापाने मोजतो. समितीने सुनावणीनंतर निर्णयाची नोंद त्याच दिवशी ऑनलाइन केली आणि प्रवेश कक्षाने ती नोंद प्रमाणपत्र येईपर्यंत पुरेशी मानली, तर दाव्याच्या खरेखोटेपणाबाबत कोणतीही सवलत न देता अशी प्रकरणे वाचतील. आमच्या केंद्राने हे लेखी कळवले आहे. सुमितची धाकटी बहीण पुढच्या वर्षी अकरावीत जाईल. तिच्या अर्जासाठी भावाची वैधता, १९६२ चा फेरफार आणि भाषांतरित उतारा एकाच फाइलमध्ये लावून ठेवला आहे, आणि अर्जात टाकायचा क्रमांक वडिलांचा स्वतःचा आहे.